एएमसी करारातलं मुदतीचं कलम: चार तास कुठले, आणि वीज गेली तर काय?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या सात शाखा आहेत. सर्व्हर, नेटवर्क आणि यूपीएसच्या वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, एका स्थानिक फर्मकडे आहे. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सायंकाळी ४.४० ला सर्व्हर बंद पडला आणि आम्ही लगेच फोन केला. तिकीट क्रमांकाचा एसएमएस ५.२५ ला आला. ६.१० ला त्यांच्या माणसाने फोनवर ‘रीस्टार्ट करून बघा’ सांगितलं. इंजिनिअर सोमवारी दुपारी १ ला आला. सर्व्हरची डिस्क गेली होती, ती बदलून काम बुधवारी दुपारी ४ ला सुरू झालं. सोमवारी मध्येच २.३० ते ४.३० वीज नव्हती. फर्म म्हणते सगळं मुदतीत आहे, शिवाय वीज गेल्यामुळे ही तक्रार मुदतीत मोजायचीच नाही. आता नूतनीकरण आहे. कलम असं आहे: ‘तक्रार नोंदविल्यापासून ४ तासांत प्रतिसाद देण्यात येईल व २४ तासांत (कामकाजाचे दिवस धरून) बिघाड दूर करण्यात येईल. सुट्ट्या, वीज व इंटरनेटमधील अडचणी, नैसर्गिक आपत्ती, ग्राहकाच्या चुकीमुळे झालेले बिघाड इत्यादी बाबतीत ही मुदत लागू राहणार नाही.’ हे पुन्हा कसं लिहावं, म्हणजे दोन अर्थ निघणार नाहीत?

उत्तर:

आधी एक कडू गोष्ट सांगतो. जुन्या कलमावर फर्मशी भांडत बसू नका. तुमचं कलम वाचून त्यांनी लावलेला अर्थ ओढूनताणून काढलेला नाही, तो त्या वाक्यातून सरळ निघतो. तुमचाही निघतो, अडचण तीच आहे. मी बारा वर्षं हेल्पडेस्क चालवला, म्हणजे तुमच्या समोरच्या टेबलावर बसायचो, आणि अशी कलमं आम्हाला फार आवडायची. महिनाअखेरीला अहवाल करताना प्रत्येक तक्रारीला आम्ही सोयीचा अर्थ लावायचो आणि त्यात खोटं काहीच नसायचं.

कागद घेऊन तुमच्या शुक्रवारचा हिशेब करू. कार्यालयाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६ धरतो, शनिवार-रविवार बंद.

‘२४ तासांत (कामकाजाचे दिवस धरून)’ याचे तीन अर्थ होतात. पहिला, घड्याळाचे सरळ २४ तास: मुदत शनिवारी ४.४० ला संपली. दुसरा, घड्याळ रात्रीही चालतं, पण सुट्टीचे दिवस गाळायचे: शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत ७ तास २० मिनिटं झाली, उरलेले १६ तास ४० मिनिटं सोमवारी रात्री बारापासून मोजली की मुदत सोमवारी ४.४० ला संपते. तिसरा, फक्त कार्यालयीन तास मोजायचे: २४ कार्यालयीन तास म्हणजे आठ-आठ तासांचे तीन पूर्ण दिवस. शुक्रवारचे १ तास २० मिनिटं, सोमवारचे आठ, मंगळवारचे आठ आणि बुधवारचे ६ तास ४० मिनिटं. मुदत बुधवारी ४.४० ला. म्हणजे एकाच वाक्यातून शनिवार, सोमवार आणि बुधवार असे तीन दिवस निघाले. डिस्क बुधवारी ४ ला बदलून झाली, म्हणून फर्म चाळीस मिनिटं राखून मुदतीत बसते. हा योगायोग नसावा. ज्यांना तिसरा अर्थ ठाऊक असतो ते त्याच्या काठावरच काम संपवतात.

आता ‘४ तासांत प्रतिसाद’. कार्यालयीन तास धरले आणि मोजणी तुमच्या ४.४० च्या फोनपासून केली, तर मुदत सोमवारी १२.४० ला संपते. इंजिनिअर १ ला आला, वीस मिनिटं उशीर. पण ‘नोंदविल्यापासून’ म्हणजे तिकीट निघाल्यापासून असं धरलं, तर ५.२५ पासून मोजून मुदत १.२५ ला जाते आणि तोच इंजिनिअर पंचवीस मिनिटं आधी आलेला ठरतो. फोन तुम्ही करता, तिकीट ते काढतात. ज्याच्यावर मुदत आहे त्याच्याच हातात घड्याळाची किल्ली दिली, तर तो ती सवडीनं फिरवणार. आणि हे सगळं करायचीही गरज नाही, कारण ६.१० चा ‘रीस्टार्ट करून बघा’ हा फोन ‘प्रतिसाद’ नाही, असं तुमच्या कलमात कुठंही म्हटलेलं नाही. काही ठिकाणी तर तिकिटाचा आपोआप गेलेला एसएमएससुद्धा प्रतिसाद म्हणून मोजतात.

तेव्हा मुदतीच्या कलमात आकड्याच्या आधी तीन गोष्टी ठरतात: घड्याळ कधी सुरू होतं, कोणत्या वेळेत चालतं, आणि काय घडलं की थांबतं. आकडा सगळ्यात शेवटी. बहुतेक संस्था उलटं करतात. चार तास की सहा तास यावर बैठका होतात आणि कुठले तास हे कुणी विचारत नाही.

सुट्टीबद्दल एक बारीक गोष्ट. ‘सुट्ट्या’ कुणाच्या? तुमच्या संस्थेच्या, फर्मच्या, की सरकारी यादीतल्या? बँकांना २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, काही पतसंस्था ती पाळतात, काही पाळत नाहीत. गावची जत्रा असते, आठवडी बाजाराच्या दिवशी शाखा जास्त वेळ उघडी असते. म्हणून सुट्टीची व्याख्या करण्याच्या फंदात न पडता तारखांची यादी परिशिष्टात लावावी आणि यादीत नसलेला प्रत्येक दिवस कामाचा धरावा. फर्मचा माणूस लग्नाला गेला, दिवाळीत त्यांचं ऑफिस चार दिवस बंद राहिलं, हा त्यांचा प्रश्न.

वगळण्याच्या वाक्यात गुंता जास्त आहे, आणि तो खास मराठी वाक्यरचनेचा आहे. वाक्य पुन्हा वाचा: ‘सुट्ट्या, वीज व इंटरनेटमधील अडचणी, नैसर्गिक आपत्ती, ग्राहकाच्या चुकीमुळे झालेले बिघाड’. यातलं ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय फक्त ‘चुकी’ला लागलेलं आहे. आधीच्या तीन गोष्टी नुसत्या नामं म्हणून उभ्या आहेत, कारण म्हणून नाहीत. तुम्ही वाचता तेव्हा मनातल्या मनात तो ‘मुळे झालेले बिघाड’ मागे सगळ्यांपर्यंत ओढून नेता: विजेमुळे झालेले बिघाड, आपत्तीमुळे झालेले बिघाड. फर्म तसं ओढत नाही. त्यांच्या वाचनात विजेची अडचण असणं एवढंच पुरेसं आहे. डिस्क आपल्या मरणानं मेली, विजेचा तिच्याशी संबंध नाही, तरी सोमवारी वीज गेली होती ना, मग मुदत लागू नाही. व्याकरणानं दोघंही बरोबर आहेत. मराठीत यादीच्या शेवटच्या शब्दाला लागलेलं असं अव्यय किंवा यादीच्या सुरुवातीचं विशेषण कुठपर्यंत पोचतं हे वाचणाऱ्यावर असतं. ‘ग्राहकाकडील वीज, इंटरनेट व उपकरणे’ लिहिलं तरी तोच घोळ: इंटरनेट फक्त ग्राहकाकडचं, की कुठलंही? उपाय साधा आहे. यादी एका वाक्यात करू नये. प्रत्येक कारणाला स्वतःचं वाक्य, स्वतःचं क्रियापद आणि स्वतःचा ‘मुळे’ द्यावा. कलम लांबतं, लांबू द्या.

त्याहून मोठा प्रश्न ‘मुदत लागू राहणार नाही’ या शब्दांत आहे. दोन तास वीज नव्हती, तर घड्याळ दोन तास थांबलं, की संपूर्ण तक्रारच मोजणीतून बाद झाली? पहिल्या अर्थानं मुदत दोन तास पुढे सरकते. दुसऱ्या अर्थानं तुमचा सर्व्हर महिनाभर बंद राहिला तरी फर्मवर काही येत नाही. करारात या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द लागतात. मी ‘थांबा’ आणि ‘वगळणूक’ वापरतो. थांबा म्हणजे ठरलेल्या कारणानं काम करणं शक्य नव्हतं तेवढाच वेळ मोजायचा नाही. वगळणूक म्हणजे बिघाडच अशा कारणानं झाला की तो या मुदतीखाली येत नाही. थांब्याला कालावधी पाहिजे, वगळणुकीला कारण पाहिजे.

आणि वीज. तुमच्या करारात यूपीएसची देखभाल त्यांच्याचकडे आहे. यूपीएस घेतात तो वीज जाते म्हणूनच. मग ‘विजेची अडचण’ वगळली, तर ज्या प्रसंगासाठी तुम्ही पैसे देता नेमका तोच प्रसंग वगळला गेला. इथे सीमारेषा तारेवरच ओढावी लागते: यूपीएसच्या इनपुटपर्यंत वीज पोचली नाही तर ती वीज कंपनीची बाब, यूपीएसच्या आत आणि त्याच्या पुढे जे काही होईल ती फर्मची. बॅटऱ्या बहुतेक एएमसीत सुट्या भागांत धरून वगळतात. तुमच्या करारात त्या कुणाकडे आहेत ते तपासा, नाहीतर भांडण यूपीएसवरून बॅटरीवर जाईल. इंटरनेटचंही तसंच. सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोडेमपर्यंत लाइन बंद असेल तर ती त्यांची, मोडेमच्या पोर्टपासून पुढचा राउटर, स्विच, केबल फर्मचं. सिद्ध कसं करायचं तेही लिहा, म्हणजे लाइन बंद असल्याच्या तक्रारीचा इंटरनेट कंपनीकडचा क्रमांक दाखवायचा.

‘इत्यादी’ काढून टाका. कलमातला सगळ्यात महाग शब्द तो आहे.

थांब्याबद्दल आतल्या गोटातली एक खोड सांगतो. तिकिटाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ अशी एक अवस्था असते आणि तीत घड्याळ थांबतं. मुदत जवळ आली की सायंकाळी ५.५५ ला ग्राहकाला एक प्रश्न पाठवायचा, ‘कृपया सर्व्हरचे मॉडेल कळवा’. मॉडेल आमच्याच नोंदीत असायचं. ग्राहकाचा माणूस घरी निघालेला, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. घड्याळ तोवर झोपलेलं. म्हणून कोणत्या प्रश्नावर थांबा मिळतो, तो कुणाला विचारला पाहिजे आणि कधीपर्यंत कळवला पाहिजे, हे तिन्ही कलमात हवं. आणि थांब्याचा दावा घड्याळ चालू असतानाच आला पाहिजे. महिनाअखेरच्या बिलासोबत आलेला दावा ऐकायचा नाही.

तुमच्यासाठी मसुदा असा लिहिला असता:

> ५.१ सेवा-तास. परिशिष्ट ‘अ’मध्ये दिलेल्या सुट्टीच्या तारखा सोडून प्रत्येक दिवशी सकाळी १०.०० ते सायंकाळी ६.०० या वेळेला या करारात ‘सेवा-तास’ म्हटले आहे. कलम ५ मधील सर्व मुदती फक्त सेवा-तासांत मोजल्या जातील. फर्मचे कार्यालय बंद असल्याने मोजणी थांबणार नाही.
>
> ५.२ सुरुवात. संस्थेने परिशिष्ट ‘ब’मधील दूरध्वनी क्रमांकावर फोन केला किंवा ईमेल पत्त्यावर ईमेल पाठवला, यांपैकी जे आधी घडेल त्या क्षणी मुदत सुरू होईल. फर्मने तिकीट क्रमांक कधी दिला याचा मुदतीवर परिणाम होणार नाही. सेवा-तासांच्या बाहेर कळवलेली तक्रार त्यानंतरच्या पहिल्या सेवा-तासाच्या आरंभी कळवली असे धरले जाईल.
>
> ५.३ प्रतिसाद. मुदत सुरू झाल्यापासून ४ सेवा-तासांत फर्मचा अभियंता शाखेत पोचेल, किंवा दूरस्थ जोडणीने त्या यंत्रावर काम सुरू करून तसे शाखाधिकाऱ्यास कळवेल. एसएमएस, ईमेलची पोच किंवा केवळ फोनवरील सूचना म्हणजे प्रतिसाद नव्हे.
>
> ५.४ निवारण. मुदत सुरू झाल्यापासून ८ सेवा-तासांत फर्म शाखेचे व्यवहार पुन्हा सुरू करून देईल. पर्यायी यंत्र लावून व्यवहार सुरू झाले तरी निवारण झाले असे धरले जाईल. मूळ यंत्र त्यानंतर ४० सेवा-तासांत दुरुस्त करून द्यावे लागेल.
>
> ५.५ थांबा. पुढील दोनच कारणांनी मोजणी थांबेल, आणि ते कारण असेपर्यंतच थांबेल. (क) यूपीएसच्या इनपुटला वीज नसल्यामुळे अभियंत्यास काम करता आले नाही. (ख) ज्या माहितीशिवाय किंवा प्रवेशाशिवाय काम पुढे जाऊ शकत नाही आणि जी फर्मच्या नोंदीत नाही, ती फर्मने परिशिष्ट ‘ब’मधील व्यक्तीकडे सेवा-तासांत मागितली व ती मिळाली नाही. कारण सुरू झाल्यापासून १ सेवा-तासाच्या आत फर्मने संस्थेला ईमेलने कळवले नाही, तर त्या कारणासाठी थांबा मिळणार नाही.
>
> ५.६ वगळणूक. बिघाड पुढीलपैकी कोणत्याही एका कारणामुळे झाला असेल तरच कलम ५.४ ची मुदत लागू होणार नाही. (क) इंटरनेट कंपनीच्या मोडेमपर्यंतची लाइन बंद असल्यामुळे झालेला बिघाड. (ख) पूर, आग किंवा वीज कोसळणे यांपैकी कोणत्याही एकामुळे यंत्राला झालेले नुकसान. (ग) फर्मच्या लेखी संमतीशिवाय संस्थेच्या माणसाने यंत्र उघडल्यामुळे किंवा त्याची रचना बदलल्यामुळे झालेला बिघाड. कारण सिद्ध करण्याची जबाबदारी फर्मची राहील. ही यादी पूर्ण आहे. कलम ५.३ ची मुदत वगळलेल्या बिघाडांनाही लागू राहील.

काही ठिकाणी मी असं का लिहिलं ते सांगतो. ८ सेवा-तास हा आकडा मी तुमच्यासाठी निवडला, कारण तो जुन्या कलमाच्या मधल्या अर्थाला, म्हणजे सोमवारी ४.४० ला, बरोबर जाऊन मिळतो. फर्मला तो अगदी नवा वाटणार नाही. तुम्हाला शनिवारी ४.४० हवी असेल, तर सुट्टीच्या दिवशीही माणूस लागेल आणि वार्षिक शुल्क वाढेल. तो सौदा आहे, भाषेनं सुटणार नाही. ५.३ मध्ये ‘पोचेल’, ‘कळवेल’ अशी कर्तरी वाक्यं मुद्दाम आहेत. ‘देण्यात येईल’, ‘करण्यात येईल’ या कर्मणी सरकारी थाटात काम कोण करणार हेच गायब होतं. ५.६ मध्ये ‘यांपैकी कोणत्याही एकामुळे’ हे शब्द अवजड वाटतील, पण ‘पूर, आग व वीज’ लिहिलं तर एखादा वकील तिन्ही एकदम आल्याशिवाय वगळणूक नाही म्हणेल. शिवाय ‘वीज’ म्हणजे आकाशातली की खांबावरची? म्हणून ‘कोसळणे’. ‘सर्व बिघाडांना मुदत लागू नाही’ असलं वाक्यही कधी लिहू नका. त्यातून ‘एकालाही लागू नाही’ हाही अर्थ निघतो आणि ‘काहींना लागू, काहींना नाही’ हाही.

पर्यायी यंत्राची सवलत फर्मला दिली आहे ती त्यांच्या भल्यासाठी नाही. ती नसेल तर मूळ डिस्क मिळेपर्यंत ते थांबून राहतात. असेल तर जुना पडलेला सर्व्हर उचलून आणून लावतात आणि तुमचं काउंटर चालू होतं.

कायद्याबद्दल थोडंच. काही जण म्हणतात, संदिग्ध कलमाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लागतो, मग मसुदा फर्मनं केला असेल तर आपण जिंकू. आपल्याकडे हे तत्त्व मुख्यतः विमा पॉलिसीत चालतं. दोघांनी बोलून, पानोपानी सह्या करून केलेल्या व्यापारी करारात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दुसरं, ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस धरत नाहीत, हा १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाच्या कलम ९ मधला नियम कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे. तुमच्या करारात दिवस मोजायचे असतील तर पहिला दिवस धरायचा की नाही हे स्पष्ट लिहा. मी वरती सगळं तासांत ठेवलं ते त्यासाठीच. दंडाचं कलम तुम्ही पाठवलेलं नाही. ते असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ लक्षात ठेवा: लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. भरमसाट आकडा लिहून फायदा नाही.

सही करण्याआधी एक करा. मसुदा तुमच्या एका शाखाधिकाऱ्याला आणि फर्मच्या इंजिनिअरला वेगवेगळा द्या, सोबत पाच-सहा काल्पनिक तक्रारी द्या आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते ती वेळ लिहून मागा. वकिलाला किंवा व्यवस्थापकाला देऊ नका, ते हेतू वाचतात. तक्रारी काठावरच्या निवडा: शुक्रवारी ५.५८ चा फोन, बरोबर ६.०० चा ईमेल, सुट्टीच्या रात्री पाठवलेला मेल, दुरुस्ती चालू असताना गेलेली वीज. दोघांची उत्तरं जिथं जुळत नाहीत ते वाक्य पुन्हा लिहायचं. समजावून सांगायचं नाही, कारण दोन वर्षांनी समजावायला तुम्ही त्या खुर्चीत नसाल. जुळलेल्यांपैकी दोन उदाहरणं परिशिष्टात टाका आणि खाली लिहा: ‘उदाहरण व कलम यांत विसंगती आढळल्यास कलम ग्राह्य धरावे.’ हे वाक्य लिहायचं राहून गेलं की उदाहरणच दुसरा अर्थ बनून बसतं. मी एकदा स्वतः ते लिहायला विसरलो होतो.

पहिली तक्रार तुमचीच घ्या. सुरुवात शुक्रवारी ४.४०. प्रतिसादाची मुदत सोमवारी १२.४०, इंजिनिअर १ ला, म्हणजे वीस मिनिटं उशीर. ६.१० चा फोन मोजायचा नाही. निवारणाची मुदत सोमवारी ४.४०. वीज २.३० ते ४.३० नव्हती आणि त्यामुळे इंजिनिअरला खरोखर काम करता आलं नाही, तसा ईमेल त्यानं ३.३० च्या आत केला असेल, तर दोन सेवा-तासांचा थांबा धरून मुदत मंगळवारी सकाळी १०.४० ला जाते आणि बुधवारी ४ पर्यंतचा उशीर १३ तास २० मिनिटं होतो. यूपीएसवर सर्व्हर चालू होता आणि काम करता येत होतं, किंवा विजेचा उल्लेख पहिल्यांदा नंतरच्या पत्रात आला, तर थांबा नाही आणि उशीर १५ तास २० मिनिटं. डिस्क विजेमुळे गेली असा दावा असेल तरी वगळणूक मिळणार नाही, कारण ५.६ च्या यादीत वीजपुरवठा नाही आणि यूपीएस त्यांच्याच देखभालीत आहे.

हा हिशेब फर्मच्या माणसाला समोर बसवून करा. त्याची हरकत आली तर ती आकड्यावर येते की वाक्यावर, ते बघा. आकड्यावर आली तर शुल्काचं बोलणं करा. वाक्यावर आली तर मला ते वाक्य पाठवा.